चाळीस पदार्थ आणि एक फाईल

मे महिना संपत आला की रेवदंडा-मुरूडकडच्या घरांत सुक्या मासळीची बांधाबांध सुरू होते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून सोडे, जवळा, सुके बोंबील डब्यांत भरून ठेवायचे. त्यातलाच एखादा पुडा रेवसच्या लाँचमधून भाऊच्या धक्क्याला उतरतो आणि मुंबईतल्या भाचीच्या घरी पोचतो. मागोमाग फोनवरून कृती जाते: सोडे थोडे भिजव, वांगं घाल, मसाला तुझ्या अंदाजाने. भाचीचा अंदाज चुकतो आणि पुन्हा फोन येतो.

या फोनवरच्या कृतीला आता गिऱ्हाईक आहे. जिताड्याचं कालवण, सोड्याची खिचडी, वालाचं बिरडं, थंडीतली पोपटी, बेने इस्रायली घरांतला मलिदा हे पदार्थ अलिबाग ते श्रीवर्धनच्या पट्ट्यात रोजचे आहेत. पण ठाण्यात वाढलेल्या मुलीला किंवा इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या नवगावच्या कुटुंबाला ते नीट मापासकट कुठे सापडत नाहीत. ‘रुचिरा’ने १९७० पासून मराठी घरांना वाटी-चमच्याच्या मापाची सवय लावली, तरी जिताडा आणि निवटी तिथे शोधायला कोणी जात नाही. अशी वही टाईप करून तिची पीडीएफ विकायची, छापखाना नको, कुरिअर नको, हा विचार सुचणं सोपं आहे. पुढचं तितकं सोपं नाही. उदाहरणासाठी रेवदंड्याच्या एका घरातली चाळीस पदार्थांची वही समोर ठेवू. घर काल्पनिक आहे, हिशेब खरा आहे.

पहिली अडचण बहुतेकांना अपेक्षित नसते, ती अक्षराची. ही फाईल विकत घेणाऱ्यांतले बहुतेक जण ती फोनवर उघडणार, तोही ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवून. ए-फाइव्ह पान १४८ मिलिमीटर रुंद असतं आणि फोनचा पडदा साधारण ६७. म्हणजे पान निम्म्याहून लहान होऊन दिसतं. पुस्तकात छान वाटणारं ११ पॉइंटचं अक्षर फोनवर ५ पॉइंटचं होतं आणि हळदीच्या बोटांनी दर वेळी पान मोठं करावं लागतं. अक्षर १६-१७ पॉइंटचं ठेवलं तर ते पडद्यावर साधारण साडेसात पॉइंटएवढं दिसतं, तेवढं पुरतं. पानावर मजकूर कमी मावतो. मावू दे, फाईलमध्ये पानांना पैसे पडत नाहीत. साहित्य आणि कृती एकाच पानावर यायला हवी, एवढं मात्र कटाक्षाने पाहावं. कढईत तेल तापलेलं असताना मागचं पान कोणी उलटत नाही.

दुसरी गोची देवनागरीची आहे. गावातल्या लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे वही टाईप करायला दिली, तर तो बरेचदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये करून देतो. कागदावर ते सुरेख दिसतं. फाईलमध्ये मात्र वाचकाने ‘कोलंबी’ शोधलं तर काही सापडत नाही, आणि साहित्याची यादी कॉपी करून नवऱ्याला बाजारात पाठवली तर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला पोचतो. युनिकोडमध्ये टाईप केलं तरी काही मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय वेगळी चालू करावी लागते. नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. हे तपासायचं कसं? तयार पीडीएफ दुसऱ्याच कोणाच्या साध्या फोनवर पाठवून उघडायची, त्यात पाच शब्द शोधून पाहायचे, आणि संगणकावर फाईलच्या माहितीतली फाँटची यादी बघायची. प्रत्येक फाँटपुढे Embedded किंवा Embedded Subset लिहिलेलं असलं म्हणजे अक्षरं फाईलच्या पोटात आहेत, समोरच्याकडे तो फाँट नसला तरी चालेल. मुंबईच्या एक टाईपने केलेला ‘मुक्ता’सारखा खुल्या परवान्याचा फाँट वापरला तर परवान्याचाही प्रश्न उरत नाही.

मग फोटो. आजच्या फोनचा एक फोटो सहज तीन-चार एमबीचा असतो. चाळीस फोटो तसेच टाकले तर फाईल दीडशे एमबीच्या आसपास जाते आणि श्रीवर्धनच्या नेटवर ती चढतही नाही, समोर उतरतही नाही. ए-फाइव्ह पानासाठी १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो पुरेसा आहे. तो साधारण पाव एमबीत बसतो. चाळीसांचे मिळून दहा एमबी. हा आकडा नीट लक्षात ठेवायचा, कारण पोचवण्याचं आणि किमतीचंही गणित पुढे त्याच्यावरच फिरतं. जीमेलवर २५ एमबीची मर्यादा लिहिलेली असते, पण जोडपत्र पाठवताना त्याचं रूपांतर होऊन ते सुमारे तिसऱ्या हिश्शाने फुगतं, म्हणून प्रत्यक्षात अठरा-एकोणीस एमबीच्या पुढची फाईल अडकते.

आता ती पोचवायची. सगळे सुरुवात एकाच मार्गाने करतात: यूपीआयचा क्यूआर टाकायचा, समोरच्याने पैसे भरून स्क्रीनशॉट पाठवायचा, आपण व्हॉट्सअॅपवर फाईल सोडायची. पहिल्या वीस-पंचवीस प्रतींना हे उत्तम आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाशी बोलणं होतं, ‘आगरी मसाला नसला तर काय घालू’ यासारखे प्रश्न कळतात आणि पुढच्या आवृत्तीत त्यांची उत्तरं घालता येतात. पण स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. खोटे स्क्रीनशॉट बनवून देणारी अॅप आहेत, आणि जुन्याच स्क्रीनशॉटची तारीख बदलणारेही आहेत. स्क्रीनशॉटवरचा बारा आकडी व्यवहार क्रमांक आपल्या खात्यातल्या नोंदीशी जुळला, तरच विक्री झाली असं धरायचं. त्याहून मोठी अडचण वेळेची. रात्री अकराला पैसे भरणाऱ्याला फाईल अकरा वाजून एक मिनिटाने हवी असते आणि आपण झोपलेलो असतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर या किनाऱ्यावरची कित्येक गावं आठवडेच्या आठवडे विजेविना होती. अशा वेळी हाताने पाठवायचं दुकान बंदच राहतं.

म्हणून विक्री थोडी वाढली की पैसे आणि फाईल यांची गाठ यंत्राने मारायला लावावी. पेमेंट गेटवेवाले एक पान तयार करून देतात, तिथे गिऱ्हाईक नाव, मोबाईल, ईमेल भरतं, पैसे देतं. इथे एक चूक इतके जण करतात की ती सविस्तर सांगायला हवी. पैसे भरल्यावर गिऱ्हाइकाला कुठल्या पत्त्यावर न्यायचं, असा एक रकाना असतो. तिथे गूगल ड्राइव्हवरच्या फाईलची ‘लिंक असलेल्या कोणालाही’ उघडी असलेली लिंक चिकटवून लोक मोकळे होतात. यात दोन भोकं आहेत. पैसे भरून होताच बँकेचा मेसेज वाचायला कोणी दुसऱ्या अॅपमध्ये गेलं आणि ते पान बंद झालं, तर पैसे गेले आणि फाईल आलीच नाही. असं गिऱ्हाईक पाच मिनिटांत संतापून फोन करतं, आणि त्याचं चुकत नाही. दुसरं, ती लिंक कायमची आणि सगळ्यांना उघडी. एकाने ती मैत्रिणीला पाठवली की फाईल पाठवण्याचेही कष्ट उरले नाहीत.

याला उपाय असा की फाईल पेमेंटच्या पानाला चिकटवायचीच नाही. पैसे जमा झाल्याची खात्री झाल्यावर ईमेलने त्या गिऱ्हाइकापुरती लिंक जाऊ द्यायची, जी तीन-चार वेळा उतरवता येईल आणि मग बंद पडेल. डिजिटल माल विकायची सोय देणाऱ्या बहुतेक दुकानांत हे तयार मिळतं. मर्यादा एकवर ठेवू नये: फोनवर एकदा, संगणकावर एकदा, आणि मधे नेट तुटल्यामुळे एकदा, एवढं प्रामाणिक माणसालाही लागतं. मोबाईल क्रमांक घ्यायचाच, कारण ईमेल टाईप करताना लोक जीमेलच्या स्पेलिंगमध्ये अक्षरं मागेपुढे करतात आणि ते पत्र कुठेच पोचत नाही. पोचलं तरी जाहिरातींच्या नाहीतर स्पॅमच्या कप्प्यात पडतं. ‘तुमची फाईल ईमेलवर पाठवली आहे, दिसली नाही तर स्पॅममध्ये बघा’ एवढा एक मेसेज व्हॉट्सअॅपवर सोडला की तक्रारी बऱ्याच कमी होतात.

वहीऐवजी छापून वापरायचा प्लॅनर विकत असलात तर पोचवण्याचा आणखी एक पैलू असतो, तो थोडक्यात. महिन्याच्या वाणसामानाचा आणि व्रतवैकल्यांचा तक्ता असला तर गिऱ्हाईक तो घरच्या प्रिंटरवर छापणार. घरचा प्रिंटर कडेचे चार-पाच मिलिमीटर कोरे सोडतो, म्हणून कडेपर्यंत रंग नेला तर चौकट कापली जाते. अमेरिकेतल्या मराठी घरात कागद ए-फोर नसून लेटर मापाचा असतो. तो थोडा रुंद आणि जवळपास दोन सेंटिमीटर आखूड, त्यामुळे खालच्या रविवारच्या ओळी गायब होतात. एकाच खरेदीत दोन्ही मापांच्या फाईली द्याव्यात. तारखा छापलेला प्लॅनर जानेवारी उलटला की शिळा होतो. बिनतारखेचा वर्षानुवर्षं विकता येतो, पण तिथी घालायच्या असल्या तर तारखेवाचून गत्यंतर नाही.

परत वहीकडे. किंमत किती? सगळ्यांच्या तोंडून पहिला आकडा येतो तो ४९ किंवा ९९, कारण ‘नुसती पीडीएफ तर आहे’. आधी खर्च मांडू. चाळीस पदार्थ मापून दोनदा करून पाहायचे, त्यातला जिताडा आणि चिंबोरी स्वस्त नाहीत. फोटो, टायपिंग, मुद्रितशोधन. आपली मेहनत न धरता हे २४,००० रुपयांना पडलं असं समजू. गेटवे साधारण २ टक्के घेतो आणि त्या दोन टक्क्यांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण २.३६ टक्के. १९९ रुपयांच्या विक्रीत ४ रुपये ७० पैसे कापले जाऊन १९४ रुपये ३० पैसे हाती येतात. २४,००० वसूल व्हायला १२४ प्रती विकल्या पाहिजेत. ९९ ला विकली तर २४९. आता प्रश्न एवढाच: किंमत निम्मी केल्यावर घेणारे दुप्पट होतात का? चहाच्या टपरीवर होत असतील. जिताड्याच्या कालवणाची मापं शोधणारी माणसं मुळात मोजकी आहेत. त्यांना हवं असेल तर ती १९९ देतात आणि नको असेल तर ४९ लाही घेत नाहीत. कमी किमतीचं गिऱ्हाईक उलट जास्त प्रश्न विचारतं, हा बऱ्याच विक्रेत्यांचा अनुभव, आणि माझंही मत तेच.

कमी किंमत आणखी एका ठिकाणी मार खाते, ती म्हणजे मधल्या दुकानाच्या ठरलेल्या कपातीत. गमरोडसारखं परदेशी दुकान प्रत्येक विक्रीमागे १० टक्के आणि वर ५० सेंट घेतं. ५० सेंट म्हणजे चाळीस रुपयांच्या पुढे. ९९ रुपयांच्या फाईलीत दहा रुपये टक्केवारीचे आणि चाळीस स्थिर, म्हणजे निम्मी किंमत तिथेच गेली. हीच फाईल ४९९ ला असती तर कपात अठरा-वीस टक्क्यांत राहिली असती. देशातल्या गिऱ्हाइकाला असल्या दुकानातून विकण्यात म्हणूनच काही अर्थ नाही. परदेशातल्याला विकताना आहे, कारण तिथला कर आणि तिथली कार्डं यांची उस्तवार तेच करतात. पेपॅलने भारतातल्या भारतात पैसे घेणं १ एप्रिल २०२१ पासून थांबवलं, पण परदेशातून पैसे त्याच्यावर येतात; तिथेही सुमारे साडेचार टक्के आणि वर ठरलेली रक्कम असते, त्यामुळे पाच डॉलरच्या विक्रीतला अर्धा डॉलर जातो. परदेशासाठी वेगळी, जास्त किंमत ठेवण्यात गैर काही नाही. मलिद्याची कृती आजीच्या शब्दांत मिळावी म्हणून अश्दोदमधून विचारणाऱ्याला १९९ रुपये आणि पाच डॉलर यांत फारसा फरक वाटत नाही.

किंडलचा मोह सगळ्यांना पडतो. मराठी पुस्तक तिथे टाकता येतं आणि ७० टक्के मानधनाचा आकडा मोठा दिसतो. पण भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मिळवायचे तर नव्वद-नव्वद दिवस ते पुस्तक डिजिटल रूपात फक्त अॅमेझॉनवरच ठेवण्याचं बंधन घ्यावं लागतं, म्हणजे आपलं दुकान बंद. वर प्रत्येक प्रतीमागे एमबीला ७ रुपये पोचवणावळ कापतात. कादंबरी अर्ध्या एमबीत बसते, तिला हे जाणवतही नाही. आपली दहा एमबीची फोटोंची फाईल मात्र सत्तर रुपये खाते: १९९ वजा ७०, उरले १२९, त्याचे ७० टक्के म्हणजे ९० रुपये. ३५ टक्क्यांच्या पर्यायात पोचवणावळ नाही आणि बंधनही नाही, पण हाती सत्तरच येतात. स्वतः विकून १९४ येत असताना हे दोन्ही पर्याय फक्त अनोळखी वाचक मिळावा म्हणून घ्यायचे, कमाईसाठी नव्हे.

वही फोडून विकणं हा मला सगळ्यांत शहाणपणाचा मार्ग वाटतो. सुक्या मासळीचे बारा पदार्थ वेगळे काढून ७९ ला मेच्या शेवटी, जेव्हा डबे भरलेले असतात. श्रावणात बिरडं आणि शाकाहारी पदार्थ. डिसेंबरअखेर फक्त पोपटी: मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, ओवा आणि मीठ, तोंडाला पुन्हा पाला, मग मडकं उलटं करून भोवती जाळ. अलिबागला शनिवार-रविवार घर भाड्याने घेणाऱ्या मुंबईकराला हे चार पानांचं माहितीपत्रक तिथल्या तिथे, त्याच संध्याकाळी हवं असतं. घराच्या मालकाने भिंतीवर क्यूआर लावू दिला तर गिऱ्हाईक मडक्यासमोरच उभं आहे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्याच्या माळा नेणारेही विचारतात की याचं घरी काय करायचं.

कराबद्दल दोन वाक्यं. डिजिटल फाईल ही करखात्याच्या दृष्टीने सेवा आहे आणि वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी लागत नाही. १९९ च्या हिशेबाने त्यासाठी दहा हजारांहून जास्त प्रती विकाव्या लागतील, तेव्हाची काळजी तेव्हा. गंमत एवढीच की नोंदणी झालीच तर छापील आवृत्ती असलेल्या पुस्तकाच्या ई-प्रतीला ५ टक्के कर लागतो आणि छापील आवृत्तीच नसलेल्या फाईलला १८, म्हणजे छापखाना टाळल्याचा दंडच. मिळकत आयकराच्या विवरणात दाखवावी लागते, हे सांगायला नकोच.

आता ज्या भीतीने निम्म्या वह्या कपाटातच राहतात ती: एकाने घेतली आणि सगळ्यांना पाठवली तर?

पाठवणार. ते गृहीत धरूनच चालावं. प्रश्न कोण पाठवतो आणि कशासाठी, हा आहे. सगळ्यांत जास्त फाईल फिरते ती ‘आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकते हं’ या प्रेमापोटी. ही चोरी आहे हे त्या काकूंच्या ध्यानीमनीही नसतं. पाककृती म्हणजे वाटायचीच वस्तू, असं त्या आयुष्यभर करत आल्या आहेत. दुसरा प्रकार टेलिग्रामच्या चॅनलचा, जिथे हजारो मराठी पुस्तकं ढिगाने ओतलेली असतात. तिसरा प्रकार कमी दिसतो पण झोंबतो: आपली फाईल, पहिलं पान बदलून, ‘५०० रेसिपी फक्त ४९ रुपयांत’ या गाठोड्यात घालून कोणी दुसराच विकतो.

यावर लोकांना पहिला सुचतो तो पासवर्ड. पीडीएफला दोन तऱ्हेचे पासवर्ड असतात. एक छपाई आणि कॉपी रोखतो. तो काढून टाकणारी फुकट संकेतस्थळं डझनाने आहेत, दहा सेकंदांचं काम. दुसरा फाईल उघडायलाच लागतो. तो फाईलच्या मागोमाग पुढच्या मेसेजमध्ये फिरतो. आणि त्रास कोणाला? जिने पैसे मोजले तिलाच, दर वेळी पिठाच्या हाताने पासवर्ड टाकायचा. फाईल एखाद्या वाचन-अॅपमध्येच कुलूपबंद ठेवायची सोय किंडलसारख्या ठिकाणी आहे, पण पान छापून फ्रीजवर लावायचं असलं तर ते कुलूप आपल्याच मालाचा उपयोग मारतं. प्लॅनरला तर ते लागूच होत नाही.

त्याहून परिणामकारक गोष्ट साधी आहे: प्रत्येक पानाच्या तळाला फिकट अक्षरांत गिऱ्हाइकाचं नाव आणि ऑर्डर क्रमांक. ‘ही प्रत अमुक यांच्यासाठी, क्र. ०८७’. ते पुसता येतं. पण आपलं नाव लिहिलेली वस्तू सोसायटीच्या ग्रुपवर टाकताना काकूंचा अंगठा थबकतो. कुलपाने जे होत नाही ते भीडेने होतं. हे आपोआप करून देणारी दुकानं आहेत; दिवसाला दोन-चारच विकल्या जात असतील तर हातानेही होतं. नाव लिहिलेलं एक कोरं ए-फाइव्ह पान तयार करून stamp.pdf नावाने ठेवायचं आणि qpdf हा मोफत प्रोग्राम वापरून ते सगळ्या पानांवर चढवायचं:

```
qpdf vahi.pdf --overlay stamp.pdf --repeat=1 -- vahi-087.pdf
```

एवढ्या एका ओळीने साठ पानांवर नाव उमटतं. मोबाईल क्रमांक मात्र तिथे छापू नये. प्रत फिरलीच तर त्या बाईचा नंबर अख्ख्या गावभर होईल.

फाईल किती फिरतेय हे कळतं का? बऱ्यापैकी कळतं. पुस्तकात एका पानावर क्यूआर द्यायचा, जो आपल्या एखाद्या व्हिडिओकडे नेतो, समजा चिंबोरी साफ कशी करायची तो. हा व्हिडिओ दुसरीकडे कुठेही जोडायचा नाही. दीडशे प्रती विकल्या आणि व्हिडिओ नऊशे वेळा उघडला गेला तर एक माणूस तो सहा वेळा बघत बसलेला नाही, हे उघड आहे. शिवाय महिन्यातून एकदा पुस्तकातलं एखादं खास आपल्या वळणाचं वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधून पाहायचं. ‘सोडे’ शोधून काही हाती लागत नाही. ‘सोडे हाताला रबरासारखे लागले की पाण्यातून काढा’ यासारखं वाक्य चोराला थेट पकडून देतं.

पकडल्यावर काय करता येतं, त्याआधी काय करता येत नाही ते बघू. पदार्थ कोणाच्या मालकीचा नसतो. पोपटीत काय घालायचं ही यादी आणि ती लावायची पद्धत यांवर कॉपीराइट नाही. अमेरिकेत दह्याच्या पाककृतींवरून झालेल्या खटल्यात १९९६ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानेही साहित्याची नुसती यादी संरक्षणाबाहेर ठेवली. आपली वाक्यं, आपले फोटो, आपली मांडणी यांना मात्र १९५७ च्या भारतीय कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते लिहिल्या क्षणापासून आहे, नोंदणीवाचून. कोणी आपलं पुस्तक वाचून तो पदार्थ केला आणि स्वतःच्या शब्दांत लिहिला तर ओरडायला जागा नाही. वहीतली निम्मी वाक्यं आपणच पूर्वी कुठल्या मासिकातून उतरवून घेतली असतील तर तेही इथेच उघडं पडतं. ती आधीच पुन्हा लिहून काढावीत. साहित्यकृतीच्या नोंदणीचं शुल्क ५०० रुपये आहे. ती सक्तीची नाही, पण वाद झाला तर पुरावा म्हणून बरी. कॅमेऱ्यातले मूळ फोटो आणि टायपिंगच्या जुन्या फाईली जपून ठेवणं तितकंच मोलाचं.

आपलीच पानं जशीच्या तशी कुठल्या संकेतस्थळावर सापडली तर त्या मंचाला लेखी तक्रार करायची: कृती कोणाची, कुठे प्रसिद्ध, चोरीची प्रत नेमक्या कुठल्या पत्त्यावर आहे. २०१३ च्या कॉपीराइट नियमांतल्या ७५ व्या नियमाप्रमाणे तक्रार मिळाल्यावर ३६ तासांत तिथला प्रवेश रोखायचा असतो. लोकांना माहीत नसतं ते पुढचं: एकवीस दिवसांत न्यायालयाचा आदेश आणून दिला नाही तर मंचाला तो मजकूर पुन्हा खुला करता येतो. परदेशी मोठ्या कंपन्यांचे तक्रारीचे स्वतःचे फॉर्म असतात आणि बहुतेक वेळा काम तिथेच होतं. टेलिग्राम पूर्वी चॅनल कोणाचं ते सांगायला तयार नसे. स्पर्धापरीक्षांचं इंग्रजी शिकवणाऱ्या नीतू सिंग यांची पुस्तकं आणि व्हिडिओ तिथे फिरत होते. एक चॅनल बंद केलं की दुसरं उघडे. आपला डेटा सिंगापूरला आहे आणि तिथला कायदा माहिती देऊ देत नाही, असा कंपनीचा बचाव होता. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० ऑगस्ट २०२२ ला तो फेटाळून चॅनल चालवणाऱ्यांचे फोन क्रमांक, ईमेल, आयपी पत्ते द्यायला लावले. कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंडाची तरतूद आहे. पण १९९ रुपयांच्या फाईलसाठी दिल्लीपर्यंत कोण जाणार? गाठोड्यात घालून विकणाऱ्यावर मात्र वेळ खर्च करावा, कारण तो आपल्या गिऱ्हाइकाचेच पैसे घेतो. तो पैसे ज्या पेमेंट पानावरून घेतो, त्या कंपनीकडे तक्रार केली तर त्याचं दुकान बंद पडण्याची शक्यता जास्त.

सोसायटीच्या ग्रुपसाठी वेगळी तजवीज करता येते. फाईलच्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहायचं: ‘ही प्रत तुम्हाला कोणी प्रेमाने पाठवली असेल आणि एखादा पदार्थ जमला असेल, तर इथे १९९ रुपये द्या; दुरुस्त आवृत्ती तुमच्या नावाने येईल.’ खाली पैसे भरायचा क्यूआर. फिरणारी प्रत मग फिरती जाहिरात होते. सगळे देत नाहीत, काही देतात, आणि ‘दुरुस्त आवृत्ती’ हा शब्द नुसता आमिष म्हणून नको, खरा हवा. चाळीस पदार्थांच्या वहीत पहिल्या फेरीत चुका राहतातच. कोणीतरी कळवतं की पान ३४ वर मिठाचा चमचा चहाचा की पोह्याचा ते लिहिलेलं नाही. कळवणाऱ्या बाई खरेदीदारांच्या यादीत नसतात. त्यांना उत्तर द्यायचं, चहाचा, आणि सोबत शेवटच्या पानाचा फोटो.